शून्याचा रकाना

लघुपटाचं बजेट बघायला समोर आलं की मी आधी त्यातली शून्यं मोजतो. कॅमेरा शून्य, दिग्दर्शक शून्य, छायाचित्रण शून्य, ध्वनिमुद्रण शून्य, वाडा शून्य. शेवटी जेवण आणि प्रवास मिळून पंचवीस-तीस हजार, आणि खाली 'इतर' नावाची एक गोल रक्कम. हा कागद घेऊन येणारी मुलं हुशार असतात, पटकथाही बरी असते. सगळे मित्रच आहेत आणि कोणी पैसे घेणार नाही, असं ती आनंदाने सांगतात. मग मी शून्याच्या पहिल्याच ओळीवर बोट ठेवून विचारतो, "हा कॅमेरा कोणाचा? तो कोणत्या तारखेला, किती वाजता हातात येणार? आणि आला नाही तर?"

शून्याला माझा विरोध नाही. निम्म्याहून जास्त काम मी फुकटच्या जिवावर केलं आहे. आपल्या सिनेमाची सुरुवातसुद्धा अशीच आहे. 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली पडद्यावर आला. तो तयार होत असताना दादासाहेब फाळक्यांच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळके करत होत्या, आणि फिल्मच्या तांत्रिक कामातही त्यांचा हात होता. आजच्या तक्त्यात केटरिंगच्या ओळीसमोर शून्य लिहून पुढे गेलो असतो. पण त्या आजारी पडल्या असत्या तर मंडळी जेवली कुठे असती, हा प्रश्न निर्मिती बघणाऱ्या माणसाला पडायलाच हवा.

म्हणून माझ्या तक्त्यात प्रत्येक ओळीला चार रकाने असतात. पहिल्यात बाजारभाव, म्हणजे हीच गोष्ट पैसे मोजून घेतली तर काय पडेल. दुसऱ्यात रोख, म्हणजे आपल्या खिशातून खरोखर काय जाणार. तिसऱ्यात हे शून्य कोणाच्या शब्दावर उभं आहे, त्या माणसाचं नाव आणि त्याने दिलेल्या तारखा. चौथा रकाना महत्त्वाचा: ही फुकटची गोष्ट सोबत कोणता खर्च घेऊन येते. बहुतेक तक्त्यांत पहिला आणि दुसरा एकच असतो, उरलेले दोन नसतातच.

एक उदाहरण घेऊ. बारा मिनिटांचा लघुपट, दोन पात्रं, वाईजवळचा एक जुना वाडा. तीन दिवसांचं चित्रीकरण, आदल्या संध्याकाळी पुण्याहून निघायचं, तिसऱ्या रात्री पॅक-अप करून परत. माणसं तेरा, त्यांतली अकरा बिनपैशाची. उरलेले दोघे म्हणजे कॅमेरा अटेंडंट आणि लाइटमन. कॅमेरा भाड्याने देणाऱ्या ओळखीच्या माणसाने तो मैत्रीखातर फुकट दिला, पण त्यासोबत त्याचा अटेंडंट येणारच. महागाची वस्तू तो परक्या हातात सोडत नाही, आणि ते बरोबरच आहे. अटेंडंटची शिफ्ट, त्याचं जेवण आणि झोपायची सोय आपल्याकडे. दोघांचे दिवसाला दीड-दीड हजार धरले तर तीन दिवसांचे 9,000. कॅमेऱ्याच्या ओळीतलं शून्य खरं, पण चौथ्या रकान्यात हे लिहिलं नाही तर पहिल्या संध्याकाळी हिशेब हलतो.

दिव्यांची गोष्ट तर अजून मजेची. एका नाट्यसंस्थेकडून जुने हॅलोजन फुकट मिळत होते, दोन किलोवॅटचे दोन आणि एक किलोवॅटचे दोन. सगळे मिळून सहा किलोवॅट. 230 व्होल्टवर त्याला सुमारे 26 अँपिअर लागतात. जुन्या वाड्याचं वायरिंग आणि घरगुती मीटर तेवढा भार सोसेल, यावर मी पैज लावणार नाही. मग जनरेटर आला, त्याचं डिझेल आलं, तो सांभाळणारा माणूस आला. दिवसाला 8,000 धरले तरी तीन दिवसांचे 24,000. शिवाय जनरेटरची घरघर संवादात येऊ नये म्हणून तो लांब उभा करायचा, म्हणजे लांबच्या लांब केबल. त्यापेक्षा 300 वॅटचे तीन एलईडी भाड्याने घेतले तर सगळे मिळून चार अँपिअरच्या आसपास, वाड्याच्या विजेवर आरामात चालतात. प्रत्येकी दिवसाला हजार म्हणजे तीन दिवसांचे 9,000, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 10,620. हॅलोजनवाल्यांचे आभार मानले आणि दिवे भाड्याने घेतले. फुकटपेक्षा भाडं स्वस्त पडतं, हे दिग्दर्शकाला पटायला एक चहा पुरला नाही.

जेवणाच्या ओळीला मी कधी कात्री लावत नाही. बिनपैशाच्या माणसाला आपण देऊ शकतो ते एवढंच: वेळेवर गरम जेवण, झोपायला स्वच्छ जागा आणि ठरल्या वेळेला पॅक-अप. नाश्ता, चार वेळा चहा, दुपारचं जेवण, संध्याकाळचं काहीतरी खायला आणि रात्रीचं जेवण असं मिळून माणशी 350 धरले. तेरा माणसं, तीन दिवस, 13,650. पोचल्या रात्रीचं जेवण आणि पाण्याचे जार धरून सोळा हजारांच्या आत. रोज वडापाव आणून यातले चार हजार वाचवता येतात. पण मग तिसऱ्या दिवशी दुपारी माणसं मंद होतात आणि प्रत्येक शॉट लावायला दीडपट वेळ लागतो.

राहण्याचं असं, की चार बायकांसाठी लॉजच्या दोन खोल्या आणि उरलेल्या नऊ जणांसाठी वाड्यातच मंडपवाल्याकडून भाड्याच्या गाद्या. तीन रात्रींचे 8,820. टेम्पो ट्रॅव्हलरच्या दोन खेपा, एक सोडायला आणि एक आणायला, 16,000. गाडी तिथेच थांबवली तर रोजच्या किमान किलोमीटरचे पैसे उभ्या गाडीला द्यावे लागतात.

डेटाचा हिशेब मात्र मुलं अंदाजाने करतात, आणि तो अचूक करता येतो. कॅमेरा सेकंदाला 100 मेगाबिट लिहीत असेल तर तासाला 45 जीबी होतात. बारा मिनिटांच्या फिल्मसाठी आठपट चित्रीकरण धरलं तर 96 मिनिटं, म्हणजे 72 जीबी. एवढ्याला एक छोटी हार्डडिस्क भरपूर झाली. तरी तक्त्यात दोन हव्यात, वेगवेगळ्या बॅगांत, वेगवेगळ्या माणसांकडे. दोन्हींचे मिळून 9,000. कॅमेरा रॉ फॉरमॅटमध्येच चालवायचा असेल तर हे गणित कित्येक पटींनी वाढतं, म्हणून कॅमेरा ठरण्याआधी ही ओळ भरू नये.

कला, कपडे आणि टेप, सेल, थर्माकोल, काळं कापड असल्या किरकोळ वस्तू मिळून 10,500. वाड्याची साफसफाई आणि वीज 1,500. संकलनानंतरची कामं, उपशीर्षकं आणि महोत्सवांची प्रवेशफी यांचे 15,000. हे पंधरा हजार मी पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकायला लावतो. चित्रीकरणाच्या हाती लागले तर चित्रीकरण ते खाऊन टाकतं आणि फिल्म वर्षभर हार्डडिस्कमध्ये पडून राहते.

रोखीची एकूण बेरीज झाली 96,350. आता राखीव रक्कम. रिवाज एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांचा, म्हणजे इथे साडेनऊ हजारांच्या आसपास. माझं भांडण या रिवाजाशी आहे. सगळ्यांना पैसे देऊन केलेल्या फिल्ममध्ये दहा टक्के बरोबर असतात, कारण तिथे धोका कागदावरच्या रकमांमध्ये विखुरलेला असतो. आपल्याकडे धोका शून्यांमध्ये आहे, आणि शून्याचे दहा टक्के शून्यच येतात. आदल्या दिवशी कॅमेऱ्याच्या मालकाला पैशाचं काम मिळालं तर तो कॅमेरा तिकडे पाठवणार. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. तसाच कॅमेरा लेन्ससह दिवसाला 6,000 ने घेतला तर तीन दिवसांचे 18,000 आणि जीएसटी धरून 21,240. ध्वनिमुद्रक ऐनवेळी गळाला तर दुसऱ्याचे, त्याच्या यंत्रांसह, दिवसाला 5,000, म्हणजे 15,000. म्हणून बाजारभावाच्या रकान्यातून मी ऐनवेळी पैसे देऊन बदलता येईल असं सर्वांत महाग शून्य उचलतो आणि तेवढी रक्कम राखीव धरतो. इथे 21,240. एकदम दोन शून्यं कोसळली तर चित्रीकरण पुढे ढकलायचं, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवायचं. राखीव धरून आकडा झाला 1,17,590.

कोणतं शून्य कच्चं आहे हे थोडंफार ओळखता येतं. ज्याने पटकथा मागून घेतली, एखादी अडचण काढली, "सोमवारी मला सुट्टी नाही" असं स्पष्ट सांगितलं, तो येतो. "तू फक्त तारीख सांग रे, मी आहेच" म्हणणाऱ्याच्या नावापुढे मी दुसरं नाव लिहून ठेवतो.

तक्त्याच्या तळाशी आणखी एक ओळ असते: जादा दिवसाची किंमत. दिग्दर्शक दुसऱ्या संध्याकाळी हमखास म्हणतो, "अजून एक दिवस मिळाला तर?" क्रू तर फुकटच आहे, मग बिघडलं कुठे! जेवण 4,550, राहणं 2,940, अटेंडंट आणि लाइटमन 3,000, दिवे 3,540. म्हणजे 14,030 रुपये, आणि अकरा जणांच्या नोकरीच्या ठिकाणची एकेक रजा. ही ओळ समोर असली की चर्चा लगेच जमिनीवर येते आणि कोणता प्रसंग गाळता येईल यावर बोलणं सुरू होतं.

पैसे द्यायचे नसतील तर दिवस कसे लांबवायचे, याचा ख्रिस्तोफर नोलनच्या 'फॉलोइंग' या 1998 च्या चित्रपटाएवढा साधा नमुना मला माहीत नाही. सुमारे सहा हजार डॉलरमध्ये, नोकरी करणाऱ्या मित्रांना घेऊन, जवळपास वर्षभर शनिवारी-शनिवारी त्याने तो 16 मिलिमीटरवर चित्रित केला. पैशातला मुख्य खर्च फिल्मचा, म्हणून आधी भरपूर तालीम आणि मग एक-दोन टेकमध्ये काम. पण ते शहरात, घराजवळ जमतं. वाईचा वाडा दर शनिवारी गाठायचा म्हटलं तर टेम्पो ट्रॅव्हलरच बजेट संपवेल. बाहेरगावची कथा असेल तर दिवस सलग हवेत, आणि दिवस सलग हवेत तर फुकटची माणसं कमी मिळतात.

तेव्हा लघुपट काढणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. क्रूला शब्द टाकण्याआधी हा तक्ता भरा आणि त्यातली फुकटची नावं त्या-त्या माणसाला दाखवा, आपण किती बाजारभावाचं काम देतो आहोत ते त्यालाही कळू दे. बेरीज हातातल्या पैशांच्या वर गेली तर जेवण आणि राखीव रक्कम यांना हात लावू नका. पटकथेतला एक प्रसंग काढा आणि तीन दिवसांचे दोन करा.