सहावी ब, गणित, तासिका चौथी

एप्रिल उजाडला, वार्षिक परीक्षेचे गठ्ठे तपासायला गेले, की मुख्याध्यापकाच्या टेबलावर दुसरा गठ्ठा येतो तो गोपनीय अहवालांचा. प्रत्येक शिक्षकाचा एक छापील नमुना. त्यात अध्यापन, विद्यार्थ्यांची प्रगती, सहकाऱ्यांशी वागणूक अशा रकान्यांसमोर दोन-तीन बोटं रुंद जागा असते. पुण्यातल्या अनुदानित शाळांमध्ये मी अनेकांनी लिहिलेले असे अहवाल वाचले आहेत. बहुतेकांत एकच मजकूर फिरत असतो. ‘अध्यापन समाधानकारक. निकाल चांगला. सहकार्याची वृत्ती.’ नाव झाकलं तर हा अहवाल संस्कृतच्या बाईंचा की पीटीच्या सरांचा, हे ओळखता येणार नाही.

असा शेरा निरुपद्रवी वाटतो, पण तो तसा नाही. महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९८१ची सेवाशर्ती नियमावली आहे. तिच्या पंधराव्या नियमात हे अहवाल दरवर्षी लिहायचे, प्रतिकूल शेरा असेल तर तो ऑगस्टअखेरपर्यंत लेखी कळवायचा, असं सांगितलं आहे. अहवाल लिहिला नाही किंवा प्रतिकूल शेरा मुदतीत कळवला नाही, तर त्या वर्षीचं काम समाधानकारक होतं असंच धरलं जातं. म्हणजे मुख्याध्यापकाने काहीच केलं नाही तरी शिक्षकाच्या नावावर ‘समाधानकारक’ लागतंच. मग लिहायला बसलेल्या माणसाने तोच एक शब्द लिहून उठायचं असेल, तर त्याने नवं काय सांगितलं?

‘चांगला’ या शब्दाचीही अशीच गोष्ट. देव दत्त नावाचे सीमा रस्ते संघटनेतले अभियंता होते. त्यांच्या एका वर्षाच्या अहवालात ‘चांगला’ अशी नोंद होती आणि बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ लागत होतं. नोंद त्यांना कधी कळवलीच नव्हती. २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. जी नोंद माणसाच्या आड येते ती दिसायला चांगली असली तरी परिणामाने प्रतिकूलच, आणि प्रत्येक नोंद संबंधिताला कळलीच पाहिजे, असं न्यायालयाने म्हटलं. तो खटला सरकारी कर्मचाऱ्याचा होता, पण शाळेत बसून शेरे लिहिणाऱ्याने तो लक्षात ठेवावा असा आहे. ज्याच्याबद्दल लिहितो त्याच्यासमोर वाचून दाखवता येईल आणि त्याला त्यावर हरकत घेता येईल, अशीच ओळ मी लिहिते. हरकत घ्यायची तर ओळीत काहीतरी घडलेलं असावं लागतं. विशेषणाशी भांडता येत नाही, तारखेशी येतं.

अशी ओळ एप्रिलमध्ये सुचत नाही, ती ऑगस्टपासून जमवावी लागते. एका शिक्षकाचं उदाहरण देते. गणिताचे तरुण सर, सेवेची पहिली काही वर्षं, पेठेतली मराठी माध्यमाची शाळा, वर्ग सहावी ब. ऑगस्टमध्ये चौथ्या तासाला मी मागच्या बाकावर जाऊन बसले. घटक होता अपूर्णांकांवरील क्रिया. निरीक्षणाला जाताना मी वर्गाच्या बैठकीचा कच्चा नकाशा काढून नेते. सरांनी ज्याला प्रश्न विचारला त्याच्या चौकोनात एक रेघ मारायची, एवढंच काम. त्या दिवशी एकवीस रेघा झाल्या आणि त्यातल्या पंधरा दाराकडच्या पहिल्या दोन रांगांत होत्या. खिडकीकडची मागची तीन बाकं कोरी.

सरांनी फळ्यावर १/२ + १/३ लिहिलं. मधल्या रांगेतली एक मुलगी उभी राहून म्हणाली, दोन पंचमांश. वरच्या संख्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली. सहावीत ही चूक घरोघरची. सर म्हणाले, “चूक. दुसरं कोण?” पहिल्या बाकावरच्या मुलाने पाच षष्ठांश सांगितलं, सरांनी ते लिहिलं, छेद समान करण्याची रीत दाखवली आणि धडा पुढे गेला. टाचण वहीत सगळं जागच्या जागी होतं, फळा सुबक, आवाज स्वच्छ. ‘अध्यापन प्रभावी’ लिहायला काहीच हरकत नव्हती. पण ती मुलगी दोन पंचमांश डोक्यात घेऊनच खाली बसली होती, हेही मला दिसलं होतं.

मधल्या सुट्टीत सरांना बोलावलं आणि नकाशा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी बराच वेळ तो पाहिला.

“बाई, मागचे हात वर करत नाहीत.”

“सर, विचारल्यावर तुम्ही किती वेळ थांबता?”

ते काही बोलले नाहीत. मेरी बड रो या अमेरिकन विज्ञानशिक्षिकेने १९७०च्या दशकात वर्गांतले संवाद ध्वनिमुद्रित करून मोजले होते. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात, असं तिला आढळलं. मी सरांना एवढंच सांगितलं, की प्रश्न विचारून मनात तीन आकडे मोजा आणि चुकीचं उत्तर फळ्यावर लिहा.

डिसेंबरमध्ये मी पुन्हा त्याच वर्गात, त्याच तासाला गेले. घटक पुढचा होता, पण उजळणीला सरांनी अपूर्णांकाचंच उदाहरण घेतलं. एका मुलाने पुन्हा दोन पंचमांश सांगितलं. सरांनी ते १/२ च्या शेजारी लिहिलं आणि विचारलं, “अर्ध्यात आपण आणखी काही मिळवलं. मग उत्तर अर्ध्याहून मोठं यायला हवं की लहान?” आणि थांबले. खिडकीकडून आवाज आला, “मोठं.” मग दुसरा, “सर, पाचातले दोन म्हणजे अर्ध्याहून कमीच की.” रीत सांगायच्या आधीच वर्गाला चूक दिसली. नकाशात मागच्या बाकांवर सात रेघा होत्या. ज्याला दोन भेटींमधला हा फरक लिहिता येतो, त्याला ‘प्रभावी’ हा शब्द लागत नाही.

दुसरा रकाना प्रगतीचा. इथे मोह होतो तो निकालाची टक्केवारी उचलून लिहिण्याचा. पण शाळेत सेमी-इंग्रजीची तुकडी वेगळी असते, तिथे पालक चौकशी करून मुलांना घालतात, संध्याकाळी क्लास लावतात. ब तुकडीत जूनमध्ये आलेली मुलं वेगळ्या ठिकाणाहून निघालेली असतात. दोन्ही तुकड्यांचे निकाल शेजारी मांडून शिक्षकांची तुलना करणं मला अन्यायाचं वाटतं. म्हणून मी एकाच प्रकारचा प्रश्न वर्षाच्या दोन टोकांना पाहते. जूनच्या उजळणी चाचणीत भिन्न छेदांच्या बेरजेचा एक प्रश्न होता, फेब्रुवारीच्या घटक चाचणीत तशाच अवघडपणाचा दुसरा. दोन्ही चाचण्यांना हजर असलेलीच मुलं मोजायची, कारण मधल्या काळात दाखला घेऊन गेलेली आणि नव्याने आलेली मुलं मिसळली की आकडा खोटा होतो. अशी मुलं निघाली एक्केचाळीस. जूनमध्ये सव्वीस जणांनी वर वर, खाली खाली अशी बेरीज केली होती, फेब्रुवारीत आठ जणांनी. उत्तरपत्रिका मी स्वतः चाळल्या, कारण चुकलेलं उत्तर आणि ही विशिष्ट चूक यांत फरक आहे. छेद बरोबर घेऊन बेरजेत घसरलेला मुलगा या आठांत धरायचा नाही.

या आकड्याला मर्यादा आहेत आणि त्या शेऱ्यातच लिहाव्या लागतात. काही मुलं क्लासला जातात. सहावीत हा घटक शिकवलाच जातो, तेव्हा थोडी सुधारणा कुणाही शिक्षकाच्या हाताखाली होणारच. म्हणून ‘सरांमुळे प्रगती झाली’ असं मी लिहीत नाही, ‘वर्गाची प्रगती झाली’ एवढंच लिहिते. उरलेल्या आठांची हजेरी काढली तर चौघं दिवाळीनंतर दीर्घकाळ गैरहजर होती. तिथे प्रश्न अध्यापनाचा नव्हता, पण त्या चौघांसाठी जादा तास घेतला का, हे विचारायला हवं होतं. घेतला नव्हता. तेही लिहिलं.

सहकार्याचा रकाना सगळ्यांत धोक्याचा, कारण तिथे स्टाफरूममधली कुजबुज अधिकृत कागदावर जायला टपलेली असते. ‘मितभाषी, सहकाऱ्यांत मिसळत नाहीत’ असा शेरा मी एका बाईंच्या जुन्या अहवालात वाचला आहे. त्या डबा वर्गात खात आणि तिथेच मुलांच्या वह्या तपासत. हा स्वभाव झाला, सहकार्याशी त्याचा काय संबंध? उलट, बैठकीत मोठ्याने बोलणाऱ्यावर ‘वाद घालतात’ असा शिक्का बसतो. या सरांवरही तो बसला असता, कारण प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे असं त्यांनी ज्येष्ठ सहकाऱ्यांसमोर सांगितलं होतं. तो प्रश्न खरोखरच बाहेरचा होता. मुलांच्या बाजूने वेळेत बोलणं हे माझ्या मते सहकार्यच आहे.

सहकार्य पाहायचं ते कागदावर. बदली तासिकांच्या वहीत कुणी किती रिकामे तास दिले आणि त्यात शिकवलं की नुसती शांतता राखली. प्रश्नपत्रिका परीक्षा विभागाकडे ठरल्या तारखेला गेली का. कुणी प्रसूती रजेवर गेलं तेव्हा तिचा वर्ग कोणी घेतला, आणि परत आल्यावर कुठपर्यंत शिकवून झालंय हे तिला लिहून दिलं का. सरांनी सातवी अ दोन महिने सांभाळली आणि परतलेल्या बाईंना कच्च्या मुलांची नावं व प्रत्येकाची अडचण असा एक कागद दिला. तो कागद बाईंनीच मला दाखवला. प्रश्नपत्रिका मात्र दोन्ही सत्रांत उशिरा आल्या, आणि त्याचा भार परीक्षा विभागातल्या लिपिकावर पडला.

शेवटी अहवालात गेलं ते असं: ‘ऑगस्टच्या निरीक्षणात प्रश्न पुढच्या दोन रांगांपुरते होते, डिसेंबरमध्ये मागच्या बाकांपर्यंत पोचले. चुकीचं उत्तर फळ्यावर घेऊन वर्गाकडून तपासून घेतात. भिन्न छेदांच्या बेरजेतली ठरावीक चूक करणारे विद्यार्थी ४१ पैकी २६ वरून ८ वर आले. काही विद्यार्थी खाजगी क्लासला जातात. दीर्घ गैरहजर विद्यार्थ्यांसाठी जादा तास घेतलेला नाही. रजेवरील सहकाऱ्याचा वर्ग सांभाळून लेखी हस्तांतर केलं. प्रश्नपत्रिका दोन्ही सत्रांत मुदतीनंतर दिल्या.’

सरांना हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी शेवटच्या ओळीवर हरकत घेतली. दुसऱ्या सत्रात उशीर झाला कारण वेळापत्रकच उशिरा लागलं होतं, असं त्यांचं म्हणणं. परीक्षा विभागाची आवक वही मागवली. वेळापत्रक लागल्याची तारीख आणि प्रश्नपत्रिका आल्याची तारीख यांत नऊ दिवस होते, मुदत सातची. ओळ राहिली, पण ‘दुसऱ्या सत्रात दोन दिवस’ असं नेमकं करून. सरांनी सही केली आणि विचारलं, जादा तास शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर घेतला तर चालेल का. जूनच्या वेळापत्रकात मी सहावी ब तुकडीसाठी त्या वेळी एक खोली मोकळी ठेवली आहे.