सूर्यास्तापूर्वीचे ताट

घरातील वडीलधारी व्यक्ती उतारवयात सोबत शोधते, तेव्हा मुलांच्या विरोधात समाजाची लाज आणि मिळकतीची चिंता एकमेकींत मिसळलेल्या असतात. लाज बोलून दाखविली जाते. चिंता मनातच राहते. ती उघड झाल्याखेरीज खरा संवाद सुरू होत नाही.

सांगलीतील हळदीच्या एका आडत व्यापाऱ्याचे उदाहरण घ्यावे. वय ६८, पत्नीच्या निधनाला सहा वर्षे झालेली. पेढी दोन्ही मुलांच्या हाती, घर भरलेले. मात्र सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा त्यांचा नेम. त्या वेळी मुले पेढीवर, सुना नातवंडांच्या शिकवणीच्या धावपळीत. झाकून ठेवलेल्या ताटावर ते एकटेच बसत. मंदिरातील स्वाध्यायात एका निवृत्त शिक्षिकेशी त्यांचा परिचय झाला. बाईही एकट्या, नेमही तोच. वर्षभराने दोघांनी विवाहाचा निर्णय घरी सांगितला.

थोरला म्हणाला, "अण्णा, बाजारात तोंड कसं दाखवायचं? उद्या नातीची सोयरीक बघायची आहे." लेकीला रडू आले. "आईचे दागिने दुसऱ्या कुणाच्या अंगावर मला बघवणार नाहीत." धाकटा गप्प राहिला, दोन दिवसांनी त्याने बाईंकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याचे सुचविले.

अण्णा रागावले नाहीत. ते मुलांना घेऊन वकिलांकडे गेले. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ जैनांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल, तर पत्नी आणि प्रत्येक अपत्य यांना समान वाटा मिळतो. म्हणजे येथे बाईंना चौथा हिस्सा. हयात माणसाचा वारसा पुढे मिळेल, या नुसत्या आशेवर आधी लिहून दिलेल्या हक्कसोडपत्राचा भरवसा धरता येत नाही. उलट, अण्णांचे जुने मृत्युपत्र नव्या विवाहाने आपोआप रद्द होणार नव्हते आणि त्यात बाईंसाठी काहीच नव्हते. म्हणून नवे मृत्युपत्र झाले. पेढीतील अण्णांचा हिस्सा मुलांना, बाईंना राहत्या घरात तहहयात राहण्याचा हक्क आणि निर्वाहापुरती ठेव. दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. आईचे दागिने लेकीच्या हाती सोपविले गेले.

धाकट्याचा विरोध तेथेच मावळला. थोरल्याचा मात्र टिकला; त्याची लाज खरोखरीची होती आणि तिच्यावर कागदाचा उपाय नव्हता. अण्णा त्याला एवढेच म्हणाले, "बाळ, तुला पटावं म्हणून मी थांबणार नाही; पण तुला वेळ लागला तर रागावणारही नाही."

मोजक्या माणसांत विवाह झाला. थोरला आला, मागे उभा राहिला. लेक आली नाही. पर्युषणात ती माहेरी आली, तेव्हा दिवस मावळायच्या आत दोन ताटे मांडलेली होती. तिने स्वतःचे तिसरे मांडून घेतले. ती आजही त्यांना 'आई' म्हणत नाही, 'बाई' म्हणते. बाईंनीही त्याहून अधिक कधी मागितले नाही.