काळ्या केसांवरचा निळा

काळ्या केसांवर निळा किंवा गुलाबी रंग नुसता लावला, तर तो दिसत नाही. हे भडक रंग पारदर्शक असतात. ते केसाच्या बाहेरच्या थरांत मुरतात, आतले काळे रंगद्रव्य हलवत नाहीत. त्यामुळे आधी ब्लीचने केस उजळावे लागतात आणि खरे कौशल्य तिथेच लागते. काळे केस उजळताना आधी तांबूस होतात, मग नारिंगी, मग सोनेरी पिवळे आणि शेवटी केळीच्या सालीच्या आतल्या बाजूसारखे फिकट पिवळे. यातल्या ज्या पायरीवर ब्लीच थांबते, तिचा रंग वरच्या रंगात मिसळतो. निळ्याखाली पिवळा राहिला तर हिरवट छटा येते. निळ्याखाली नारिंगी राहिला तर निळा मरतो आणि करडा, मळका दिसतो.

सगळे केस सारखेच फिकट करून त्यावर एकच निळा चढवला, तर रंग विगसारखा सपाट दिसतो. निसर्गात कुणाचेही केस एका रंगाचे नसतात. मुळाशी आणि आतल्या थरांत ते गडद असतात, उन्हात राहणारी टोके फिकट. म्हणून उजळणीही मुद्दाम कमीजास्त ठेवलेली बरी.

खांद्यापर्यंतच्या, सरळ, कधीही न रंगवलेल्या काळ्या केसांचे उदाहरण घेऊ. डोक्याच्या माथ्यावरचा पातळ थर तसाच काळा सोडायचा. तो खालच्या निळ्यावर पडद्यासारखा पडतो आणि केस हलले की रंग डोकावतो. खालच्या केसांचे तिरके भाग पाडून प्रत्येक भागातून बारीक बटा विणल्यासारख्या उचलायच्या आणि फॉइलमध्ये घ्यायच्या. ब्लीच पावडर एक भाग, २० व्हॉल्यूमचा, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइडचा डेव्हलपर दोन भाग. टाळूपासून साधारण दोन बोटे जागा सोडून आधी टोके आणि मधला भाग, आणि मुळांकडचा भाग सर्वांत शेवटी. टाळूच्या उबेने तिथे ब्लीच झपाट्याने चढते. दर दहा मिनिटांनी फॉइल उघडून एक बट पुसून बघायची. टोके फिकट पिवळी, मधला भाग सोनेरी आणि मुळांजवळ नारिंगी दिसू लागला की धुवायचे. घाईने ४० व्हॉल्यूम वापरणे ही चूक नेहमी महागात पडते. ओली बट ताणली की ती रबरासारखी लांबत राहते आणि परत आखडत नाही, तेव्हा केस आतून तुटलेला असतो. त्यावर पुन्हा ब्लीच लावू नये.

आपल्याकडे एक गोष्ट आधी विचारलीच पाहिजे: मेंदी. शुद्ध मेंदीचा नारिंगी रंग ब्लीचने हट्टाने निघत नाही, आणि ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या काही पावडरींत धातूंचे क्षार असतात. ते पेरॉक्साइडला भेटले की केस गरम होऊन जळू शकतात. आतल्या बाजूची छोटी बट कापून तिच्यावर आधी चाचणी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

धुतलेल्या केसांवर तीन निळे लागतात. टोकांवर आधी जांभळा टोनर लावून पिवळेपणा मारायचा, मग कंडिशनरने पातळ केलेला आकाशी. मधल्या सोनेरी भागावर शुद्ध निळ्यात चिमूटभर जांभळा मिसळायचा, नाहीतर तो मोरपंखी होतो. मुळांजवळच्या नारिंगीवर गडद नीळ. नारिंगीमुळे ती मंदावते, पण इथे नेमकी तीच सावली हवी असते, आणि ती वरच्या काळ्यात विरघळून जाते. दोन रंग जिथे भेटतात तिथे सरळ रेष न ठेवता काही बटांत वर, काही बटांत खाली असे दोन-तीन बोटे एकमेकांवर चढवून बोटांनीच चोळायचे. थरांचा नैसर्गिकपणा इथे ठरतो. ब्रशने आखलेली सीमा वाळल्यावर लगेच डोळ्यांत भरते.

गुलाबीचे गणित वेगळे. नारिंगीवर तो मळत नाही, उलट ऊबदार होतो. म्हणून मुळांकडे किरमिजी, पुढे गडद गुलाबी असा क्रम कमी उजळणीतही जमतो. मात्र फिकट गुलाबीला पिवळा अजिबात चालत नाही. त्याचा लगेच पीच होतो.

दोन्ही रंग दर धुण्यागणिक उतरतात. निळा विरळ होताना खालचा पिवळा वर येऊन हिरवट दिसतो, गुलाबी सॅमनकडे झुकतो. थंड पाणी, सल्फेट नसलेला शाम्पू आणि कंडिशनरमध्ये मिसळलेला तोच रंग अधूनमधून, एवढ्याने उतरणे लांबते. मुळांशी काळा राखलेला असल्याने नवे केस वाढले तरी पट्टा दिसत नाही. पुढच्या खेपेला सहसा फक्त रंग ताजा करावा लागतो, ब्लीच नाही.