दोन आरोग्य विमा योजना आणि एचआरला लिहिलेला ई-मेल

नववी-दहावीच्या मुलांना आपण ई-मेल लेखन शिकवतो तेव्हा विषय ठरलेले असतात. पुस्तकांची मागणी, रोपांची मागणी, फार तर अभिनंदन. या मार्चमध्ये मला स्वतःलाच संस्थेच्या एचआर विभागाला एक ई-मेल लिहावा लागला. दोन गट विमा योजनांपैकी एक निवडून कारणासह आठ दिवसांत कळवा, असं परिपत्रक आलं होतं. माहिती काढण्यात चार संध्याकाळी गेल्या, तेव्हा वाटलं की हे सगळं इथे लिहून ठेवावं.

घरात आम्ही चौघं. मी, यजमान, मुलगी आणि सासूबाई. यजमानांचा छपाईचा छोटा व्यवसाय आहे, त्यामुळे त्यांच्या बाजूने कुठलाही विमा नाही. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. या वयात त्यांच्या नावाने वेगळी पॉलिसी काढायची तर हप्ता जड जातो आणि आधीच्या आजारांसाठी काही वर्षं थांबावं लागतं. नोकरीतल्या गट विम्यात बहुतेक वेळा आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात. म्हणून आमच्या घरासाठी हा पर्याय म्हणजे खरं तर सासूबाईंचाच प्रश्न होता.

पर्याय 'अ' मध्ये सगळ्या कुटुंबाला मिळून पाच लाखांचं संरक्षण, हप्ता पूर्ण संस्थेचा. पर्याय 'ब' मध्ये आम्हा तिघांना तीन लाख आणि सासूबाईंना वेगळे तीन लाख, पण पगारातून दरमहा 900 रुपये कापणार, म्हणजे वर्षाला 10,800. स्टाफरूममध्ये पहिल्याच दिवशी निकाल लागला होता. पाच लाख मोठे की तीन? आणि फुकट की पैसे देऊन? सगळे 'अ' कडे.

पण परिपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या. 'अ' मध्ये खोलीभाडं विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला 5,000 पर्यंतच. शिवाय पालकांच्या बिलात वीस टक्के वाटा आपला. 'ब' मध्ये खोलीभाड्याला मर्यादा नाही आणि पालकांच्या बिलात आपला वाटा दहा टक्के.

खोलीभाड्याची ही मर्यादा दिसते तितकी साधी नसते. आपल्याला वाटतं, आठ हजारांची खोली घेतली तर वरचे तीन हजार आपण भरू, विषय संपला. तसं होत नाही. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की त्याच प्रमाणात डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचा खर्च, परिचर्येचा खर्च हेही कापले जातात. कारण अनेक रुग्णालयांत हे दर खोलीच्या दर्जावर ठरतात. औषधं, तपासण्या, शरीरात बसवायच्या वस्तू आणि अतिदक्षता विभागाचे आकार यांना मात्र ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, असा विमा नियामकाचा नियम आहे.

मी सासूबाईंच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचं एक काल्पनिक बिल मांडलं. खोली 8,000 दराने चार दिवस, म्हणजे 32,000. डॉक्टर, भूल, शस्त्रक्रियागृह, परिचर्या मिळून 1,20,000. औषधं आणि तपासण्या 68,000. एकूण 2,20,000.

'अ' मध्ये 5,000 ला 8,000 ने भागलं की साडेबासष्ट टक्के येतात. खोलीचे मान्य 20,000, डॉक्टर वगैरेंचे मान्य 75,000, औषधं-तपासण्या पूर्ण 68,000. बेरीज 1,63,000. त्यातून आपला वीस टक्के वाटा 32,600 गेला की विमा कंपनी देणार 1,30,400. आपल्या खिशातून 89,600! पाच लाखांचा विमा, बिल सव्वादोन लाखांच्या आत, तरीही. 'ब' मध्ये तेच बिल आलं तर फक्त दहा टक्के, 22,000.

(सातवी-आठवीच्या गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण शेकडेवारीला जरूर घ्यावं. नफा-तोट्यापेक्षा मुलं यात जास्त प्रश्न विचारतात.)

इथे थांबले असते तर हिशोब एकतर्फी झाला असता. 'अ' मध्येच राहून पाच हजारांच्या आतली खोली घेतली तर? मग प्रमाणशीर कपात नाही. कमी दर्जाच्या खोलीला डॉक्टरांचे दरही कमी धरून मी तेच बिल 1,83,000 मांडलं. 'अ' मध्ये आपले 36,600, 'ब' मध्ये 18,300. फरक फक्त 18,300 चा, म्हणजे पावणेदोन वर्षांच्या हप्त्याहूनही कमी. मग खरा प्रश्न उरतो तो असा की गरजेच्या दिवशी पाच हजारांच्या आतली खोली मिळेल का? यादीतल्या आमच्या जवळच्या दोन रुग्णालयांच्या विमा खिडकीवर जाऊन विचारलं. दोघांच्या रुग्ण असलेल्या खोल्या भरलेल्या असतात, एकट्याच्या खोलीचे दर साडेसात हजारांपासून पुढे, असं दोन्हीकडे सांगितलं. माझा निर्णय तिथे झाला.

ई-मेल असा लिहिला:

विषय: गट आरोग्य विमा – पर्याय 'ब' ची निवड व तीन शंका

आदरणीय मॅडम,
मी पर्याय 'ब' निवडत आहे. माझ्यावर अवलंबून असलेल्या सासूबाई ज्येष्ठ नागरिक आहेत. पर्याय 'अ' मधील खोलीभाड्याची मर्यादा व वीस टक्के वाटा यांमुळे त्यांच्या उपचारात आमच्यावर पडणारा खर्च वार्षिक 10,800 रुपयांच्या कपातीपेक्षा बराच जास्त होऊ शकतो. हिशोब सोबत जोडला आहे. एप्रिलपासून पगारातून दरमहा 900 रुपये कापण्यास माझी संमती आहे.
कृपया पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात. 'पालक' या व्याख्येत सासू-सासरे येतात का? सासूबाईंचा मधुमेह व रक्तदाब पहिल्या दिवसापासून समाविष्ट आहेत का? नोकरी सुटल्यास हे संरक्षण वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेता येईल का?
आपली विश्वासू

पहिली शंका सगळ्यात महत्त्वाची होती. काही योजनांत आई-वडील किंवा सासू-सासरे यांपैकी एकच जोडी घेता येते, काहींत सासू-सासरे नसतातच. तसं असतं तर 'ब' ला पैसे भरण्यात माझ्यासाठी काहीच अर्थ नव्हता. दोन दिवसांनी उत्तर आलं. पहिल्या दोन्हींना होकार, तिसऱ्यासाठी विमा कंपनीला विचारून कळवतो.

आमच्या विज्ञानाच्या बाईंनी माझा हिशोब पाहूनही 'अ' च घेतला, आणि त्यांचं बरोबर आहे. त्यांच्यावर अवलंबून असलेलं ज्येष्ठ कुणी नाही, त्यामुळे वीस टक्क्यांचा वाटा त्यांना लागूच होत नाही. वेळ आली तर जनरल वॉर्डात राहायची त्यांची तयारी आहे आणि पाच लाखांचं संरक्षण त्या तिघांनाच पुरणार आहे. आमच्या तिघांसाठी मात्र 'ब' चे तीन लाख मला कमी वाटतात. त्यावर तीन लाखांच्या पुढचा खर्च उचलणारी टॉप-अप पॉलिसी स्वतंत्र घ्यायची ठरवली आहे. तिचे कागद सध्या वाचतेय, आणि सुरुवात शेवटच्या पानापासून केली आहे.