पापणी मिटली तर साप नव्हे

पावसाचे पहिले झोडपे बसले की माझ्या फोनवर अंगणातले, माडाच्या बुडातले, शेणखताच्या ढिगातले फोटो यायला लागतात. खाली प्रश्न एकच असतो: "साप आहे का?" उत्तराची घाई असते, कारण कुणीतरी काठी आणायला गेलेलं असतं.

परवा दक्षिण कोकणातून आलेला फोटो असाच. सोडणांच्या ढिगाखालून निघालेलं करंगळीहून बारीक, तुकतुकीत अंग. पाठीवर उभ्या फिकट रेघा, शेपटी तांबडीलाल. पाय कुठेच नाहीत. पाठवणाऱ्याने "पोवळा" असा निकाल आधीच लावला होता. पण पोवळ्याचं तांबडं पोटाला असतं. डिवचला की तो शेपूट वळवून वर धरतो, तेव्हा तिची खालची बाजू निळसर दिसते. इथे लाली वरून दिसत होती. शंका घ्यायला एवढं पुरे होतं. निकालासाठी मात्र तोंडाजवळ जायला हवं.

फोटो मोठा करून मी आधी जबड्याचा कोपरा शोधतो. तोंडाची फट जिथे संपते तिथून नजर सरळ मागे न्यायची. तिथे टाचणीने टोचल्यासारखं काळं छिद्र दिसलं तर तो कान. सापाला बाहेरून कान नसतोच, त्यामुळे एवढ्यावर निकाल लागतो. उलटं मात्र खरं नाही. मातीचा कण, चुकीच्या बाजूने आलेली सावली, चकचकीत खवल्यांवर उमटलेला फ्लॅश, यांपैकी काहीही तो ठिपका गिळून टाकतं. युरोपातल्या स्लो वर्म या बिनपायाच्या सरड्याचं कानाचं छिद्र तर बहुधा खवल्यांखालीच लपलेलं असतं. कान दिसला तर सरड्याचं कुळ. न दिसला तर पुढे बघायचं.

पुढे म्हणजे डोळा. मला सगळ्यात आवडणारी खूण हीच. सापाच्या डोळ्यावर पापणी नाही, एक पारदर्शक खवला कायमचा बसवलेला आहे. तो मेला तरी डोळा उघडाच. म्हणून काठीने मारलेल्या "सापाचा" फोटो आला आणि त्याचे डोळे मिटलेले दिसले, की मारणाऱ्याने सरडा मारला हे कळतं. उशिरा कळतं, एवढंच. कात टाकायला आलेल्या सापाचा डोळा दुधाळ निळा होतो आणि धूसर फोटोत मिटल्यासारखा भासतो. तिथे फसू नये. डोळा उघडा असेल तर त्याच्या वरखाली पापणीची बारीक कड दिसते का, ते पाहावं. सापाचा डोळा खवल्यांच्या चौकटीत काच बसवावी तसा कडेविना असतो.

या खुणेलाही अपवाद आहे. ऑस्ट्रेलियातल्या बर्टनच्या बिनपायाच्या सरड्याला हलणारी पापणी नाही. पालीच्या गोतातला तो, जिभेने डोळा चाटून साफ करतो. त्याला कान वाचवतो. आणि आपल्याकडच्या वाळ्याचे डोळे खवल्याखालचे दोन काळे ठिपके असतात, तिथे पापणी शोधणं व्यर्थ. वाळा शेपटीवरून ओळखावा: आखूड, बोथट, टोकाला बारीकसा काटा.

शेपटी मोजायची ती गुदद्वारापासून. सापाचं धड लांब आणि शेपूट थोडकं. सरड्याच्या या नातेवाइकांत ते अंगाएवढं, कधी त्याहूनही मोठं. ईशान्येकडच्या डोंगरांत राहणाऱ्या काच-सरड्याची निम्म्याहून अधिक लांबी शेपटीचीच असते. वरून काढलेल्या फोटोत गुदद्वार दिसत नाही हे खरं. पण शेपटीचा रंग मध्येच बदलला असेल, पुढचे खवले वेगळ्याच वळणाचे असतील, तर ती तुटून पुन्हा उगवलेली आहे. सापाची तुटलेली शेपटी पुन्हा येत नाही.

कोकणातल्या त्या फोटोत कान स्पष्ट होता. डोळ्याखाली पापणीची कडही होती. मग मानेमागे पुन्हा पाहिलं तर काडीएवढा पुढचा पाय अंगाला चिकटलेला सापडला. ठिपकेदार सापसुरळीचं पिल्लू होतं ते. लाल शेपटी हा त्याचा लहानपणचा रंग. घाईत असली की ही मंडळी इवलेसे पाय अंगालगत दुमडून सळसळत जातात. आपण मात्र आधी पायच शोधतो, आणि ते सापडले नाहीत की साप ठरवून मोकळे होतो.

तेव्हा फोटो पाठवायचाच असेल तर हात न लावता, चार पावलं लांबून झूम करून, फ्लॅश बंद ठेवून डोक्याची एक बाजू टिपा. दुसऱ्या फोटोत शेपटीच्या टोकापर्यंतचं सगळं अंग येऊ द्या. आणि उत्तर येईपर्यंत काठी बाजूला ठेवा.