चाटण वीट

मलंगगडाच्या पायथ्याशी आमची गुरं चरायची तेव्हा गोठ्यात वैरणीचा हिशोब कुणी ठेवत नव्हतं. सकाळी सोडलेली ढोरं दिवेलागणीला पोट भरून यायची. पुढं कल्याण-डोंबिवली आमच्याकडे सरकत आली. माळाचे प्लॉट पडले, प्लॉटांना तारा लागल्या आणि गाई दावणीला आल्या. दिवाळीनंतर त्यांच्या गव्हाणीत उरला तो फक्त भाताचा पेंढा.

पेंढ्याने पोट भरतं, अंग भरत नाही. फाल्गुनापर्यंत गाईच्या बरगड्या मोजता यायच्या. दूध आटायचं आणि एकदा व्यायली की पुन्हा माजावर यायला वर्ष जायचं. सरकी पेंड घ्यायची ऐपत नव्हती. अशातच पंचायतीत झालेल्या शिबिरात पशुवैद्यकीय डॉक्टरांनी चाटण विटेची माहिती दिली. मळी, युरिया आणि क्षार एकत्र करून त्यांची वीट पाडायची आणि ती गाईपुढं ठेवायची. गुजरातेत आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने १९८०च्या दशकात यावर काम केलं होतं.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "ढोरांना खत चारतोस का रे? पाप लागेल."

मलाही तेच वाटलं होतं, म्हणून डॉक्टरांना विचारलंच होतं. ते म्हणाले, "पेंढा तुमची गाय पचवत नाही. तिच्या कोटीपोटात कोट्यवधी बारीक जीव आहेत, ते पचवतात. त्या जीवांना नत्र लागतं, ते पेंढ्यात नाही. युरियात आहे. ते जीव युरियातलं नत्र खाऊन वाढतात, पेंढा कुजवतात, आणि शेवटी गाय त्या जीवांनाच पचवते. युरिया गाईला नाही, त्यांना द्यायचाय."

मळीचा गोडवा त्या जीवांना लगेच ताकद देतो. वीट घट्ट असली की गाय ती चावू शकत नाही, नुसती चाटते. त्यामुळे युरिया दिवसभर थेंबाथेंबाने पोटात जातो. सगळी गंमत त्या घट्टपणात आहे, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ऐकलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं.

दहा किलोचं माप असं: मळी साडेचार किलो, युरिया एक किलो, मीठ अर्धा किलो, क्षारमिश्रण अर्धा किलो, सिमेंट एक किलो आणि भाताचा कोंडा अडीच किलो. कोंडा गिरणीतला बारीक हवा, तूस चालत नाही. आधी घट्ट मळीत युरिया घालायचा, गुठळ्या फोडून एकजीव होईस्तोवर ढवळायचा. मग मीठ, क्षार, सिमेंट आणि शेवटी कोंडा. साच्यात दाबून बसवायचं, दुसऱ्या दिवशी काढायचं आणि चार-पाच दिवस सावलीत सुकवायचं. अंगठा जोर लावून दाबला तरी रुतला नाही, की वीट झाली.

पण मळी आणायची कुठून? आमच्या ठाणे जिल्ह्यात ऊस नाही, साखर कारखाना नाही. शिवाय मळीतून दारू गाळता येते, म्हणून तिच्यावर उत्पादन शुल्क खात्याचं लक्ष असतं. ती परवान्याशिवाय मिळत नाही. मी डोकं चालवलं आणि कल्याणच्या बाजारातून काळा गूळ आणला. दुकानदार माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, "काय काका, भट्टी कुठं लावलीय?" हातभट्टीला तोच गूळ लागतो. गाईसाठी नेतोय म्हटलं, तर त्याचा विश्वास बसला नाही.

गूळ विरघळायला पाणी घातलं, आणि तिथंच चुकलो. मळी मुळातच घट्ट असते. माझा पाक पातळ झाला. चार दिवसांनीही विटेत अंगठा थोडा रुतत होता. मी मनाशी म्हटलं, "गाईला चाटायला मऊच बरी."

तीन किलोची वीट गव्हाणीत ठेवली आणि शेतावर गेलो. त्या दिवशी गाईला पेंढाही उशिरा पडला होता, म्हणजे ती उपाशीच होती. गोडाची चटक लागली तशी तिने वीट चाटली नाही, चावून खाल्ली. परत आलो तर अर्धी संपलेली. अर्ध्या विटेत दीडशे ग्रॅम युरिया. तीनशे ग्रॅम वीट चाटली असती तर दिवसभरात तीस ग्रॅम गेला असता.

गाय थरथरत होती. कान लटलट उडत होते, तोंडाला फेस, पोट डावीकडे फुगलेलं, श्वास भात्यासारखा. पोराला सायकलवर डॉक्टरांकडे पिटाळलं. ते आले, नाकाला वास घेऊनच म्हणाले, "युरिया." त्यांनी नळी घालून थंड पाणी आणि व्हिनेगर पोटात सोडलं. मी ओतायला गेलो तर हात धरला. "ठसका लागून फुप्फुसात जाईल, नळीनेच."

नंतर त्यांनी समजावलं. युरियाचा पोटात अमोनिया होतो. हळूहळू झाला तर ते बारीक जीव तो वापरतात. एकदम झाला तर रक्तात शिरतो आणि तासा-दोन तासांत जनावर जातं. आंबट गेलं की अमोनिया पोटातच अडकून राहतो.

रात्री दहाच्या सुमाराला गाईने रवंथ सुरू केला. आई तिच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. मला एक शब्द बोलली नाही. ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

विटेचं नाव महिनाभर घरात निघालं नाही. मग दूध संघाकडून तयार वीट मिळाली, दगडासारखी. या वेळी आधी पेंढा पोटभर, मगच वीट. पहिले काही दिवस अर्धा तास ठेवून उचलायची, म्हणजे पोटाला सवय होते. पाण्याचं टमरेल बाजूला हवंच, पण वीट त्यात पडता कामा नये. विरघळलेलं पाणी प्यालं की तोच प्रकार. तीन किलोची वीट आठ-नऊ दिवस पुरायची. चार दिवसांत संपली, तर वीट मऊ आहे असं समजायचं.

दुधाचा पूर आला नाही. दोन वेळचं मिळून अर्धा लिटर वाढलं असेल. पण पूर्वी गव्हाणीत उरणारा जाड पेंढा उरेनासा झाला, अंगावर तुकतुकी आली आणि गाय त्या उन्हाळ्यात माजावर आली. माझ्यासाठी तेच मोठं होतं.

कल्याणच्या तबेलेवाल्या मित्राने विचारलं, "माझ्या म्हशींना ठेवू का?" त्याच्या म्हशींना पेंड, चुणी, हिरवा चारा सगळं मिळतं. त्यांना कशाला? वीट ही कोरड्या वैरणीची जोडीदारीण. पावसाळ्यात हिरवं गवत असताना मीही ठेवत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला तर मुळीच नाही, त्याचं कोटीपोट तयार झालेलं नसतं. आणि ज्याच्या गोठ्यात पेंढाही नाही, त्याने विटेकडे बघूच नये. उपाशी पोटी ती औषध नाही, विष आहे.

घरी वीट पाडायचा नाद मी सोडला. २०१५ पासून तर खताचा सगळा युरिया निंबोळी तेल लावलेला येतो, आणि तो सरकारने स्वस्तात दिला आहे तो शेतासाठी.

आता गोठ्यात दोनच गाई आहेत. समोर सात मजली इमारत उभी राहिली आहे, तिच्या सावलीत गोठा चारलाच अंधारतो. वीट गव्हाणीत असते. संध्याकाळी गाईची खरखरीत जीभ तिच्यावर फिरताना ऐकू येते. पेंढा पचवायला तिने मदत केली, हे खरं. पण पेंढाच विकत आणायची पाळी आली आहे, त्याला तिच्याकडे उपाय नाही. तरी नवी वीट आणली की मी आधी अंगठा दाबून बघतो.