कोल्हार, कोल्हापूर आणि सोळा नोड

नगर-मनमाड रस्त्यालगत कोल्हारला आमचे डीटीपीचे दुकान आहे. काम मुख्यतः लग्नपत्रिकांचे. अधूनमधून दशक्रियेच्या पत्रिका, भगवतीमातेच्या यात्रेची पत्रके, दुकानांची बिलबुके. पत्रिकेत नवे असे फार थोडे असते. आडनावे तीच, गावे तीच: लोणी, बाभळेश्वर, राहाता, राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर. तरी प्रत्येक वेळी ते सगळे पहिल्यापासून टाइप करावे लागते, आणि घाईत ‘कोल्हार’चे ‘कोल्हर’ झाले तर छापलेल्या पत्रिका परत येतात. आमच्याकडे टायपिंग करणाऱ्या ताई एकदा म्हणाल्या, “दादा, मोबाइलवर कसं दोन अक्षरं टाकली की पुढचा शब्द दिसतो, तसं इथं करता येईल का?” मी कॉम्प्युटर सायन्स शिकलेलो. जुन्या युनिकोड फाइलींमधून शब्दांची यादी काढायला घेतली. शब्दरूपे लाखाच्या आसपास निघाली.

लाख हा आकडा गावाच्या मानाने मोठा वाटतो, पण मराठीत तो सहज होतो. ‘घर’ हा एक शब्द, पण यादीत घराला, घरात, घराचा, घराची, घराच्या, घरापासून असे सगळे वेगवेगळे येतात. विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येत असल्याने एका नामाची वीस-पंचवीस रूपे होतात.

यादी ठेवायचा सर्वांत सोपा मार्ग हॅश सेट. शब्दावरून एक संख्या काढायची आणि त्या संख्येवरून तक्त्यातली जागा. शब्द यादीत आहे की नाही, हे एकदोन ठिकाणी पाहिले की कळते. यादी हजाराची असो वा लाखाची. पण ही संख्या अख्ख्या शब्दाची असते. ‘कोल्हार’ आणि ‘कोल्हापूर’ यांच्या संख्यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो, ते तक्त्याच्या दोन टोकांना पडतात. त्यामुळे ‘को’ने सुरू होणारे शब्द मागितले की हॅश सेटला सगळे लाख शब्द एकेक करून तपासावे लागतात, तेही दर अक्षराला. शब्द पाच-सात हजार असते तर मी तेवढ्यावरच थांबलो असतो. इतक्या छोट्या यादीत हे तपासणे माणसाला जाणवतही नाही, आणि तिथे दुसरे काही बांधायची गरज नाही, असेच माझे मत आहे.

लाखाच्या यादीसाठी मात्र मी ट्रायकडे वळलो. ट्रायमध्ये शब्द अक्षरांच्या वाटेने साठवतात. पुस्तकात शिकलेल्या या मांडणीचा उगम जुना आहे: रेने द ला ब्रियांदे यांनी 1959 मध्ये ती मांडली आणि एडवर्ड फ्रेडकिन यांनी 1960 मध्ये तिला ट्राय हे नाव दिले. मुळापासून निघायचे, ‘क’ला एक नोड, त्याखाली ‘ो’चा, त्याखाली ‘ल’चा. शब्द संपतो तिथे खूण करायची. ‘को’पर्यंत चालत गेलो की त्याखालचे सगळे झाड म्हणजेच ‘को’ने सुरू होणारे सगळे शब्द. बाकीच्या यादीकडे पाहावेच लागत नाही.

मी पाच शब्द घेऊन कागदावर हिशेब मांडला: कोल्हार, कोल्हापूर, कोल्हा, कोल्हे, कोपरगाव. युनिकोडमध्ये काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे आहेत, म्हणून ‘कोल्हार’ म्हणजे क, ो, ल, ्, ह, ा, र अशी सात. पाच शब्दांची मिळून पस्तीस चिन्हे होतात. ट्रायमध्ये ‘कोल्हार’चे सात नोड झाले की ‘कोल्हापूर’ला फक्त प, ू, र हे तीन लागतात. ‘कोल्हा’ला एकही लागत नाही, आधीच्याच वाटेवर खूण केली की झाले. ‘कोल्हे’ला एक, आणि ‘को’नंतर फुटणाऱ्या ‘कोपरगाव’ला पाच. एकूण सोळा. पस्तिसांच्या जागी सोळा म्हणजे निम्म्याहून कमी. ट्रायमुळे मेमरी वाचते असे म्हणतात ते याच हिशेबावर.

पण हा हिशेब अक्षरांचा आहे. मेमरी अक्षराला लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त नोडला लागते. पायथॉनमध्ये ट्राय सहसा असा लिहितात:

```python
def ghal(mool, shabda):
    nod = mool
    for a in shabda:
        nod = nod.setdefault(a, {})
    nod["$"] = True
```

इथे प्रत्येक नोड म्हणजे एक डिक्शनरी. 64 बिटच्या पायथॉन 3.12 मध्ये एकच नोंद असलेली डिक्शनरी 184 बाइट घेते. मूळ धरून सतरा नोडना 3,128 बाइट झाले. शिवाय देवनागरीला एक जास्तीचा भुर्दंड पडतो, जो इंग्रजी उदाहरणांत दिसत नाही. इंग्रजीची एकेकटी अक्षरे पायथॉन एकदाच बनवून ठेवतो आणि सगळीकडे तीच वापरतो. ‘क’ किंवा ‘ो’ त्या राखीव साठ्यात नाहीत. शब्दातून काढलेले प्रत्येक अक्षर नवी वस्तू म्हणून तयार होते, प्रत्येकी 60 बाइटची, आणि नोडला किल्ली म्हणून अडकून राहते. सोळा नोडचे आणखी 960 बाइट. सगळे मिळून चार हजारांच्या वर.

तेच पाच शब्द हॅश सेटमध्ये ठेवले तर पाच स्ट्रिंगांचे 360 बाइट आणि तक्त्याचे 728, म्हणजे अकराशेच्या आत. ट्रायने चिन्हे निम्म्याहून कमी केली आणि मेमरी जवळजवळ चौपट घेतली.

किल्ल्यांचा भुर्दंड एका ओळीत जातो: `setdefault(sys.intern(a), {})` असे लिहिले की प्रत्येक चिन्हाची एकच प्रत राहते. 184 मात्र तसेच राहतात. सी भाषेतल्या पुस्तकी रीतीने प्रत्येक नोडमध्ये देवनागरीच्या 128 जागांचा तक्ता ठेवला तर अवस्था आणखी बिकट होते. एका जागेला आठ बाइट धरले तरी एका नोडचे 1,024 बाइट, आणि ‘कोपरगाव’च्या ‘ग’ खाली भरलेली जागा एकच. लाख शब्दांचे तीन लाख नोड धरा, म्हणजे तीनशे एमबी. आमच्या दुकानातल्या जुन्या मशीनवर पान लावायचे सॉफ्टवेअर आधीच चालू असते. तिथे हे परवडणारे नव्हते.

मेमरी किती लागते हे तपासताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. `sys.getsizeof(mool)` फक्त मुळाच्या डिक्शनरीचा आकार सांगतो, खालच्या झाडाचा नाही. आकडा छोटासा दिसतो आणि सगळे ठीक आहे असे वाटते. मी `tracemalloc` लावून झाड बांधण्याआधी आणि नंतर मोजले. तेव्हा लाख शब्दांचा डिक्शनरीचा ट्राय हॅश सेटच्या कितीतरी पुढे गेलेला दिसला. हॅश सेटचे गणित सरळ आहे: सरासरी नऊ चिन्हांच्या शब्दाला साधारण 76 बाइट, म्हणजे लाखाचे साडेसात एमबी, आणि तक्त्याचे चार. तो तक्ता मुद्दाम अर्ध्याहून जास्त रिकामा राहतो, कारण गर्दी झाली की शब्द शोधायला वेळ लागतो. एकूण बारा एमबीच्या आत.

तिथून मी द ला ब्रियांदे यांच्या मूळ मांडणीकडे गेलो. त्यांच्या रचनेत नोडमध्ये तक्ता नसतोच. प्रत्येक नोड दोनच पत्ते ठेवतो: आपले पहिले मूल आणि आपले पुढचे भावंड. नोडला एकच मूल असेल तर एकाच मुलाचा खर्च पडतो. मराठी शब्दांत मधले बहुतेक नोड एकाच मुलाचे असतात, म्हणून ही मांडणी इथे चपखल बसते. मी पायथॉनच्या `array`मध्ये पाच रांगा केल्या: चिन्हाला एक बाइट, पहिल्या मुलाचा क्रमांक चार, भावंडाचा चार, तो शब्द किती वेळा वापरला त्याचे चार, आणि त्या नोडखाली सर्वाधिक वापराचा शब्द किती वेळा आला त्याचे चार. एकूण सतरा बाइट. पाच शब्दांच्या सतरा नोडना 289 बाइट लागले, तीन लाख नोडना पाच एमबीच्या आसपास. हॅश सेटच्या निम्म्याहून कमी, आणि वापराच्या नोंदीही त्यातच.

पाचवी रांग सर्वांत कामाची. नुसता ‘क’ टाकला तर हजारो शब्द निघतात आणि पडद्यावर पाचच दाखवायचे असतात. प्रत्येक फाट्यावर खाली सर्वांत मोठा आकडा किती आहे ते लिहिलेले असले की मोठ्या आकड्याच्या फांदीने आधी जायचे, पाच शब्द हाती आले आणि उरलेल्या फांद्यांचे आकडे त्यांच्याहून लहान असले की थांबायचे. शब्द अकारविल्हे लावून दुभागणीने शोधण्याचा पर्यायही मी पाहिला. मेमरीत तो याच्या तोडीचा आहे, कदाचित थोडा सरसच. पण त्यात ‘क’चा पट्टा सापडला की तो सगळा चाळावा लागतो. केवळ या एका कारणासाठी मी ट्राय ठेवला.

चिन्ह एका बाइटात बसवण्यासाठी युनिकोड क्रमांकातून 0x0900 वजा केले की देवनागरी 0 ते 127 मध्ये येते. पत्रिकेत त्याबाहेरचेही असते: ‘चि.’ आणि ‘सौ. कां.’मधले टिंब, मधली मोकळी जागा. त्यांना 128 च्या पुढचे क्रमांक दिले. ‘शेतकऱ्यांना’मधला अर्धा र मात्र दोन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक U+200D. दिसायला दोन्ही सारखेच, ट्रायमध्ये वाटा वेगळ्या. अशा वेळी एकच शब्द सूचनेत दोनदा दिसतो. तीच ओळखायची खूण. युनिकोडचे प्रमाणीकरण ही दोन रूपे एक करत नाही, म्हणून शब्द झाडात घालण्याआधी आणि शोधण्याआधी दुसरे रूप पहिल्यात बदलून घेतले.

ट्रायचा एक तोटा राहिलाच. चुकीचा शब्द काढून टाकणे या रांगांमध्ये अवघड आहे. मधला नोड काढला तर सगळे क्रमांक सरकतात. मी वापराचा आकडा शून्य करतो, वाटेवरचे वरचे आकडे पुन्हा काढतो आणि झाड अधूनमधून नव्याने बांधतो.

आता ‘कोल्हा’ टाकले की ताईंना आधी ‘कोल्हार बु., ता. राहाता’ दिसते, मग प्रवरेपलीकडचे ‘कोल्हार खुर्द, ता. राहुरी’, मग कोल्हापूर. पत्रिकेत तालुका चुकायचे प्रमाण त्यामुळे कमी झाले. ज्यांना मराठीसाठी असे काही करायचे आहे त्यांना एवढेच सांगेन: शब्द आहे की नाही एवढेच पाहायचे असेल, उदाहरणार्थ शुद्धलेखन तपासायचे असेल, तर हॅश सेट वापरा. अर्ध्या शब्दावरून पुढचा सुचवायचा असेल तर ट्राय घ्या, पण आधी एका नोडला किती बाइट लागतात ते मोजा.